छत्तीस दिवस, दहा धडे: वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात का कोसळले आणि पुन्हा कसे बांधले

हे नमुन्याचे प्रकरण आहे. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे पूर्णांकात घेतले आहेत. विषय भौतिकशास्त्र, लेखी पेपर 70 गुणांचा, अभ्यासक्रमात दहा धडे आणि हातात 36 दिवस. विद्यार्थिनी अभ्यासू आहे, वर्गात सगळे धडे एकदा शिकवून झालेले आहेत आणि या एका विषयासाठी रोज तीन तास काढायचे तिने ठरवले आहे. बाकीच्या विषयांची वेळ वेगळी आहे, ती या हिशेबात नाही.

तिने आधी गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेतल्या आणि प्रत्येक धड्यावर सरासरी किती गुणांचे प्रश्न येतात ते मोजले. पेपर 70 गुणांचा असला तरी ‘खालीलपैकी कोणतेही पाच’ अशा पर्यायांमुळे छापलेल्या प्रश्नांची बेरीज 98 भरत होती. तिने मोजले ते हे 98. ते बरोबरच आहे, कारण पर्यायांतला नेमका कोणता प्रश्न सोडवला जाईल हे आधी कळत नाही. मग प्रत्येक धड्याला तिने स्वतःच्या मनाने 1 ते 5 कठीणता दिली, गुण आणि कठीणता यांचा गुणाकार केला आणि आलेल्या संख्यांच्या प्रमाणात 108 तास दहा धड्यांत वाटून टाकले.

खालच्या तक्त्यातला शेवटचा स्तंभ नंतर भरला गेला. त्याच्याकडे पुढे येऊ.

| धडा | सरासरी गुण | मनाने दिलेली कठीणता | चाचणीत 10 पैकी |
|---|---|---|---|
| घूर्णन गती | 12 | 5 | 7 |
| द्रवांचे गुणधर्म | 8 | 2 | 5 |
| उष्मागतिकी | 10 | 3 | 4 |
| दोलने | 9 | 4 | 6 |
| तरंग व अध्यारोपण | 8 | 3 | 4 |
| तरंग प्रकाशिकी | 12 | 2 | 3 |
| स्थिरविद्युत | 12 | 3 | 5 |
| विद्युतचुंबकीय प्रवर्तन | 11 | 4 | 3 |
| एसी सर्किट | 8 | 5 | 2 |
| अणू व सेमीकंडक्टर | 8 | 1 | 4 |

गुणाकारांची बेरीज 318 आली. घूर्णन गतीचे 12 गुणिले 5 म्हणजे 60, म्हणून तिला 108 पैकी 20 तास मिळाले. एसी सर्किटला साडेतेरा तास, तरंग प्रकाशिकीला आठ आणि सेमीकंडक्टरला तीनपेक्षाही कमी. सुरुवात सगळ्यात अवघड धड्यापासून केली, म्हणजे पुढे हलके वाटेल. सहाव्या दिवशी रात्री परिस्थिती अशी होती: घूर्णन गती अजून संपलेली नाही, बाकीचे नऊ धडे उघडलेलेही नाहीत, आणि वहीतल्या वेळेच्या नोंदींप्रमाणे 18 तासांऐवजी 15 तासच अभ्यास झाला आहे.

अशा वेळी बहुतेक जण रोजचे तास वाढवून तेच वेळापत्रक पुढे रेटतात. इथे दोष मेहनतीत नव्हता. दोष गुणाकारात होता.

गुणाकार काय लपवतो

धड्याचे गुण सांगतात की हा धडा आला तर हाती काय पडेल. कठीणता सांगते की तो यायला किती वेळ जाईल. पहिली मिळकत आहे, दुसरा खर्च. मिळकत आणि खर्च यांचा गुणाकार करून जी संख्या येते तिला काहीच अर्थ नसतो, पण ती दिसते मात्र मोठी शास्त्रशुद्ध. तरंग प्रकाशिकीचे 12 गुणिले 2 म्हणजे 24 आणि तरंग व अध्यारोपणाचे 8 गुणिले 3 म्हणजेही 24. दोघांना सारखाच वेळ मिळाला, जरी एक धडा दुसऱ्याच्या दीडपट गुणांचा आहे. एसी सर्किटचे 8 गुणिले 5 म्हणजे 40. म्हणजे 8 गुणांच्या धड्याला 12 गुणांच्या प्रकाशिकीपेक्षा जास्त वेळ, केवळ तो महाग आहे म्हणून. बाजारात एखादी वस्तू महाग आहे म्हणून आपण ती जास्त घेत नाही. इथे मात्र महाग म्हणूनच जास्त घेतले गेले होते.

1 ते 5 ही पट्टीसुद्धा फार ताणलेली आहे. गुण 8 ते 12 च्या दरम्यान आहेत, म्हणजे सर्वांत मोठा धडा सर्वांत लहान धड्याच्या दीडपट. कठीणता मात्र पाचपट हलते. अशा गुणाकारात गुणांचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही, सगळे वेळापत्रक ‘मला काय अवघड वाटते’ यावर बेतले जाते. आणि वाटणे हे फार भरवशाचे माप नाही.

तिसरी खोट जरा आडवळणाची आहे. तास आधी ठरले आणि काम नंतर भरले गेले. घूर्णन गतीला 20 तास मिळाले म्हणून 20 तास पुरतील एवढी उदाहरणे जमवली गेली. जडत्व आघूर्णाची एकाच साच्यातली पंधरा उदाहरणे सोडवताना पहिल्या पाचांनंतर नवे काही हाती लागत नव्हते, पण वेळापत्रकात जागा होती म्हणून ती सोडवली गेली.

कठीणता मोजायची, ठरवायची नाही

उरलेल्या 30 दिवसांपैकी पहिले दोन दिवस तिने अभ्यास न करता चाचणीला दिले. मन धजत नाही हे खरे. पण या दोन दिवसांनी पुढचे सगळे बदलले. प्रत्येक धड्यावर जुन्या प्रश्नपत्रिकांतून 10 गुणांचे प्रश्न निवडले: एखादी व्याख्या, एखादी सिद्धता किंवा आकृती आणि किमान एक गणित. पुस्तक बंद, घड्याळ लावून 25 मिनिटे. दिवसाला पाच धडे म्हणजे 125 मिनिटे आणि तपासायला साधारण 25.

तक्त्यातला शेवटचा स्तंभ तो हा. त्यातल्या दोन ओळी पाहण्यासारख्या आहेत. सेमीकंडक्टरला तिने 1 दिला होता, म्हणजे सगळ्यात सोपा, आणि गुण पडले 10 पैकी 4. तरंग प्रकाशिकीला 2 दिला होता आणि पडले 3. दोन्ही धडे वाचायला सोपे आहेत. वाचताना प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे असा समज होतो. कोऱ्या कागदावर डायोडच्या पूर्ण तरंग दिष्टकाची आकृती काढायची वेळ आली तेव्हा जोडणी चुकली. प्रकाशिकीत पट्टरुंदीचे सूत्र आठवले, पण ते कसे आले हे लिहिता आले नाही. उलट दोलने, ज्यांना घाबरून तिने 4 दिला होता, त्यात 6 पडले.

चाचणी तपासताना नुसती बेरीज करून थांबले तर अर्धी माहिती वाया जाते. प्रत्येक गेलेल्या गुणाशेजारी तो का गेला हे एका शब्दात लिहायचे: आठवले नाही, समजले नाही, की मागचे कच्चे. ‘मागचे कच्चे’ हा शिक्का एसी सर्किटच्या उत्तरांवर सारखा पडत होता. तिथे अडचण सर्किटची नव्हतीच. विद्युतदाब आणि धारा यांच्यातला कलांतर म्हणजे काय हे नीट बसलेले नव्हते, आणि कला ही कल्पना येते दोलनांच्या धड्यातून. प्रकाशिकीतल्या चुकाही पथांतरापाशी अडत होत्या, म्हणजे अध्यारोपणापाशी. यावरून एक गोष्ट कळते जी कोणत्याही 1 ते 5 च्या पट्टीत मावत नाही: धड्याची कठीणता स्थिर नसते. आधी काय केले त्यावर ती कमी-जास्त होते. एसी सर्किट पहिल्या आठवड्यात काढला तर डोंगर, आणि दोलने व प्रवर्तन झाल्यावर काढला तर चढण.

धडा नको, तुकडा घ्या

‘आज स्थिरविद्युत’ असे लिहिलेले वेळापत्रक पाळता येत नाही, कारण ते कधी पूर्ण झाले हेच कळत नाही. म्हणून प्रत्येक धडा तुकड्यांत फोडला. तुकडा म्हणजे एका बैठकीत संपणारे आणि शेवटी परीक्षेतल्या प्रश्नाने तपासता येणारे काम. ‘गाउसचा नियम वाचणे’ हा तुकडा नव्हे. ‘गाउसचा नियम वापरून भारित गोलाबाहेरच्या क्षेत्राची सिद्धता न बघता लिहिणे आणि त्यावरचे एक जुने गणित सोडवणे’ हा तुकडा. शेवटचा प्रश्न बंद पुस्तकाने सुटला तरच बरोबरची खूण करायची. वाचून झाले म्हणून केलेली खूण पुढे परीक्षेच्या सभागृहात खोटी ठरते.

घूर्णन गतीचे आधीच झालेले तुकडे सोडून दहा धड्यांचे मिळून 60 तुकडे झाले. आता प्रत्येकाला वेळ किती? इथे वाया गेलेल्या सहा दिवसांनी एक कामाची गोष्ट दिली. घूर्णन गतीचे 18 तुकडे झाले होते, प्रत्येकाला तिने 40 मिनिटे गृहीत धरली होती, म्हणजे 720 मिनिटे. लागली होती 900, म्हणजे सव्वापट. नोंदी वेगळ्या काढल्यावर दिसले की व्याख्या, आकृत्या, फरक असे पाठांतराचे नऊ तुकडे 40 मिनिटांत बसले होते, पण गणिते आणि सिद्धतांच्या नऊ तुकड्यांना सरासरी 60 मिनिटे लागली होती. तेव्हा पहिल्यांना हलके आणि दुसऱ्यांना जड म्हणायचे ठरले.

स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरणे हा सगळ्यांचाच स्वभाव आहे. ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी 1994 मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी संपेल असे विचारले होते. सरासरी अंदाज 34 दिवसांचा आला, प्रत्यक्षात लागले सुमारे 55. म्हणून अंदाजाऐवजी नोंद वापरायची. नोंद नसेल तर दोन-तीन तुकडे घड्याळ लावून करून पाहायचे आणि तेच माप पुढे धरायचे.

साठांपैकी 30 जड आणि 30 हलके निघाले. एकूण 3000 मिनिटे, म्हणजे 50 तास.

पन्नास तासांचे काम, चाळीस तासांची जागा

आता दिवस मोजू. तीसपैकी दोन चाचणीत गेले. शेवटचे पाच दिवस पूर्ण पेपर सोडवण्यासाठी राखले. राहिलेल्या 23 दिवसांत दर पाच दिवसांनंतर एक कोरा दिवस ठेवला, असे तीन. कोरा म्हणजे ज्याच्यावर काहीही लिहिलेले नाही असा, मागे राहिलेल्या कामासाठी. उरले 20 दिवस. रोज प्रत्यक्षात अडीच तास मिळतात हे नोंदींवरून ठाऊक झाले होते. त्यातली 30 मिनिटे मागच्या तुकड्यांच्या उजळणीला दिली. नव्या कामाला रोज दोन तास, एकूण 40 तास.

दहा तासांचे काम जास्त आहे. पहिल्या वेळापत्रकात हा आकडा कधी समोरच आला नव्हता, कारण तिथे तास कामावरून काढलेले नव्हते. जे बसत नाही ते शेवटच्या आठवड्यात आपोआप गळते, आणि गळते ते अनुक्रमणिकेच्या शेवटी असलेले, कमी महत्त्वाचे नव्हे. त्यापेक्षा आत्ताच बसून काय सोडायचे हे ठरवलेले बरे.

इथे गुण आणि कठीणता अखेर एकत्र येतात, पण भागाकारात. प्रत्येक तुकड्यासाठी दोन गोष्टी पाहिल्या: गेल्या पाच पेपरांत त्याच्यावर सरासरी किती गुण आले आणि त्यातले आपल्याला अजून न मिळणारे किती. दुसरा अंदाज चाचणीवरून येतो. प्रकाशिकीचे 12 गुण आणि चाचणीत 10 पैकी 3, म्हणजे मिळवण्यासारखे सुमारे 8.4. घूर्णन गतीचेही 12, पण तिथे 7 आधीच हाती, म्हणजे मिळवण्यासारखे 3.6. या मिळकतीला लागणाऱ्या तासांनी भागायचे. प्रकाशिकीचे तीन जड व पाच हलके तुकडे मिळून 380 मिनिटे होतात, म्हणजे तासाला सुमारे 1.3 गुण. घूर्णन गतीच्या उरलेल्या चार तुकड्यांना 220 मिनिटे, तासाला जेमतेम 1. ज्या धड्याला आधी 20 तास दिले होते त्याच्यावर आणखी वेळ घालणे आता तोट्याचे होते, आणि सोपा म्हणून आठ तासांत उरकायचा होता तो धडा सगळ्यांत फायद्याचा निघाला. त्याला आता सहा तास वीस मिनिटे मिळाली, पण 108 पैकी आठ आणि 40 पैकी सव्वासहा यांत केवढा फरक आहे ते पाहा.

हा भागाकार दशांशापर्यंत अचूक असल्याचा आव आणू नये. पाच पेपरांची सरासरी म्हणजे काही पुढच्या पेपरची हमी नव्हे. त्याचे काम एवढेच की तळाचे तुकडे कोणते हे दाखवायचे. वरच्या दहांत कोण पहिला आणि कोण चौथा याने काही बिघडत नाही.

एसी सर्किटवर हा हिशेब कसा चालला ते सविस्तर पाहण्याजोगे आहे. सात तुकडे होते. हलके तीन: सरासरी व वर्गमध्यमूळ मूल्ये आणि फेझर आकृती, शक्ती व शक्ती गुणक, एलसी दोलने. जड चार: एकेका घटकाचे सर्किट; एलसीआर श्रेणी सर्किटचा संरोध आणि अनुनादाची अट; अनुनाद वक्राची तीक्ष्णता व गुणवत्ता गुणक; मिश्र गणिते. एलसी दोलनांवर पाच वर्षांत एकदाच प्रश्न आला होता, तोही 2 गुणांचा, म्हणून तो तुकडा गेला. गुणवत्ता गुणकाची तीच गत. मिश्र गणितांवर प्रश्न येत होते, पण ते नेहमी पर्याय असलेल्या गटात, म्हणजे दुसरे काही सोडवून तेवढेच गुण मिळवता येणार होते. तोही तुकडा गेला. अनुनादाची अट मात्र राहिली, कारण X_L = X_C एवढ्यावरून वारंवारितेचे सूत्र f = 1/(2π√(LC)) दोन ओळींत निघते आणि ते जवळजवळ दरवर्षी विचारलेले होते. सातांचे चार झाले, दोन जड आणि दोन हलके. साडेतेरा तासांचा धडा तीन तास वीस मिनिटांवर आला.

पूर्ण धडा मात्र एकही सोडला नाही. पर्यायांमुळे 98 पैकी 28 गुणांची सूट मिळते हे खरे, पण बहुपर्यायी आणि एका वाक्यातली उत्तरे सक्तीची असतात आणि ती सगळ्या धड्यांवर असतात. म्हणून धड्यातून जड तुकडे निघाले तरी त्याचे मूलभूत हलके तुकडे राहतील हे पाहिले.

एक अपवाद हिशेबाच्या विरुद्ध जाऊन केला. दोलनांचा भागाकार तासाला 0.8 च्या आसपास येत होता, यादीत अगदी तळाला. तरी तिथला एकच हलका तुकडा काढला, कारण दोलनांची खरी मिळकत पुढच्या तीन धड्यांत जमा होते: तरंग, प्रकाशिकी आणि एसी सर्किट. धड्यांमधली अशी उधारी नुसत्या आकड्यांत दिसत नाही. चाचणीत ‘मागचे कच्चे’ लिहिले होते ते इथे उपयोगी पडते.

शेवटी सहा जड आणि सहा हलके तुकडे वगळले. बरोबर 600 मिनिटे. उरले 48 तुकडे आणि 40 तास.

दिवस भरणे

नव्या कामाच्या दोन तासांत दोन जड तुकडे बसतात किंवा तीन हलके. पाच दिवसांच्या टप्प्यात जड, हलका, जड, हलका, जड असा क्रम ठेवला की 12 तुकडे होतात आणि चार टप्प्यांत 48. पहिला टप्पा असा आखला:

| दिवस | नवे तुकडे |
|---|---|
| 1 | दोलने (जड), स्थिरविद्युत (जड) |
| 2 | दोलने, स्थिरविद्युत, सेमीकंडक्टर (तिन्ही हलके) |
| 3 | दोलने (जड), स्थिरविद्युत (जड) |
| 4 | सेमीकंडक्टरचे दोन, स्थिरविद्युतचा एक (तिन्ही हलके) |
| 5 | दोलने (जड), स्थिरविद्युत (जड) |

दोन साखळ्या शेजारी-शेजारी चालतात. एक दोलने, तरंग, प्रकाशिकी अशी आणि दुसरी स्थिरविद्युत, प्रवर्तन अशी. दोन्ही एसी सर्किटपाशी येऊन मिळतात, म्हणून तो धडा चौथ्या टप्प्यात गेला. सेमीकंडक्टरला आधाराला दुसरा धडा फारसा लागत नाही, तेव्हा तो हलक्या दिवसांत जागा दिसेल तिथे घातला.

एका दिवशी एकच धडा घेतला तर लय लागते, असे विद्यार्थी सांगतात आणि ते खरेही आहे. पण लय लागणे आणि लक्षात राहणे या वेगळ्या गोष्टी. रोरर आणि टेलर यांच्या 2007 च्या प्रयोगात एकाच प्रकारची गणिते सलग सोडवणाऱ्यांचा सराव करताना 89 टक्के आणि सरमिसळ करून सोडवणाऱ्यांचा 60 टक्के बरोबर आला. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले 20 टक्क्यांवर आणि सरमिसळवाले 63 टक्क्यांवर होते. परीक्षेत प्रश्नावर धड्याचे नाव लिहिलेले नसते. कोणते सूत्र लावायचे हे ओळखण्याचा सराव सरमिसळीतच होतो.

रोजच्या 30 मिनिटांच्या उजळणीत कालचे आणि पाच दिवसांपूर्वीचे तुकडे घ्यायचे. साधारण पाच तुकडे होतात, प्रत्येकी सहा मिनिटे. सहा मिनिटांत वाचायचे काही नाही. एक प्रश्न, कोरा कागद, मग उत्तर ताडून पाहणे.

दुसऱ्या टप्प्यात काय घसरले

पहिला टप्पा ठीक गेला, एक हलका तुकडा राहिला तो कोऱ्या दिवशी झाला. दुसऱ्या टप्प्यात प्रवर्तनाचे तीन जड तुकडे राहिले. कारण शोधता दिसले की ‘फॅराडे व लेंझचे नियम’ हा एक तुकडा म्हणून लिहिला होता, पण तो दोन तुकड्यांचा ऐवज होता. प्रवर्तित विद्युतदाबाचे मूल्य काढणे एक कौशल्य आणि धारेची दिशा ठरवणे हे वेगळे. दिशेवरच पाऊण तास गेला आणि मागचे सगळे ढकलले गेले.

यासाठी नियम आधीच ठरला होता. राहिलेला तुकडा दुसऱ्या दिवशी ढकलायचा नाही, कोऱ्या दिवशी न्यायचा. दुसऱ्या दिवशी ढकलला की तो तिथल्या तुकड्याला धक्का देतो, तो पुढच्याला, आणि दोन दिवसांत वेळापत्रकातली एकही ओळ खरी राहत नाही. कोऱ्या दिवशी उजळणी धरून दोन जड तुकडे मावतात. तीन राहिले होते, म्हणून दोन तिथे केले आणि तिसऱ्यासाठी यादीच्या तळाचा एक तुकडा कायमचा काढला: पृष्ठताणावरची अवघड गणिते. काही काढल्याशिवाय काही घालायचे नाही हा नियम पाळणे जिवावर येते, पण तो मोडला की पुन्हा 50 तासांचे काम 40 तासांत कोंबणे सुरू होते.

टप्प्याच्या शेवटी दोनपर्यंत तुकडे राहिले तर काळजी नाही, कोरा दिवस त्याचसाठी आहे. तीन किंवा जास्त राहिले तर ‘उद्यापासून जोर लावू’ हे उत्तर नव्हे. एक तर तुकडा मोठा लिहिला गेला आहे किंवा रोजचे अडीच तास प्रत्यक्षात मिळत नाहीत. दोन्ही गोष्टी नोंदींतून कळतात. एकाच तुकड्याने दुप्पट वेळ खाल्ला असेल तर पहिले, सगळेच तुकडे वेळेत झाले पण संख्येने कमी असतील तर दुसरे.

शेवटचे पाच दिवस

पहिल्या दिवशी पूर्ण वेळ लावून एक पेपर सोडवला. 70 पैकी 47. गेलेल्या 23 गुणांची तीन ढिगांत वाटणी केली. मुद्दाम वगळलेल्या तुकड्यांमुळे 5 गेले, केलेले पण आठवले नाही म्हणून 11, आणि घाई किंवा आकडेमोडीत 7.

वगळलेल्यांचे 5 पाहून ते तुकडे आता उरकून घ्यावेत असा मोह होतो. तेवढ्यासाठी वगळलेल्या भागावर दहा तास घालवावे लागले असते. खरा ढीग 11 चा होता, आणि त्यातले 6 गुण पहिल्या टप्प्यातल्या दोलने व स्थिरविद्युत यांतून गेले होते. ही चूक आखणीतच होती. उजळणी दुसऱ्या आणि पाचव्या दिवशी ठेवली होती, त्यानंतर पहिल्या टप्प्यातले तुकडे जवळजवळ दोन आठवडे कुणी उघडलेच नव्हते. शेवटच्या टप्प्यातले तुकडे ताजे होते, पहिल्यातले शिळे झाले होते. तिसरी फेरी कोऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या उजळणीत घालायला हवी होती. नव्या कामातले आठवड्याला एक-दोन हलके तुकडे कमी करूनही ती बसली असती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या टप्प्याच्या बाराही तुकड्यांवर एकेक प्रश्न बंद पुस्तकाने सोडवला, सुमारे दहा मिनिटे प्रत्येकी. तिसऱ्या दिवशी दुसरा पूर्ण पेपर, चौथ्या दिवशी त्यातला ‘आठवले नाही’ हा ढीग. पाचव्या दिवशी नवा पेपर घेतला नाही. दोन्ही पेपरांत आकडेमोडीत चुकलेली गणितेच तेवढी एककांसकट पुन्हा करून काढली.